ज्ञ, श्र आणि फोनचा कीबोर्ड: जोडाक्षर टाइप कसं करायचं आणि बरोबर आलं की नाही ते कसं तपासायचं

"माह्या नावातला ज्ञ त या कीबोर्डात हायेच नाई जी!" अशी तक्रार गावात कुणाला मोबाइलवर अर्ज भरायला बसवलं की हमखास ऐकू येते. तक्रार बरीचशी खरी आहे. आपण शाळेत वर्णमाला म्हणताना शेवटी 'क्ष, ज्ञ' म्हणतो, त्यामुळे ज्ञ हे एक स्वतंत्र अक्षर आहे अशी आपली समजूत असते. फोनच्या लेखी मात्र ज्ञ नावाचं वेगळं अक्षर नाही. फोन तीन खुणा एकापुढे एक साठवतो, ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ, आणि त्या लागोपाठ आल्या की पडद्यावर ज्ञ असं चित्र काढून दाखवतो. श्र चंही तसंच आहे: श, पाय मोडल्याची खूण आणि र.

पुढचं सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे. फोन अक्षराचा आकार साठवत नाही, खुणांचा क्रम साठवतो. म्हणून दोन शब्द दिसायला जवळपास सारखे असूनही फोनच्या दृष्टीने वेगळे असू शकतात. मग यादीत नाव शोधलं तर सापडत नाही, किंवा अर्जावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही.

आधी कीबोर्ड लावून घ्या

बहुतेक अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड असतो, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Languages` मध्ये जा, `Add keyboard` दाबा आणि मराठी निवडा. तिथे दोन प्रकार दिसतील. एकात इंग्रजी अक्षरांनी लिहायचं आणि मराठी शब्द मिळवायचा. दुसऱ्यात थेट क ख ग घ अशी देवनागरी अक्षरं असतात. दोन्ही लावून ठेवा. रोज पहिलाच वापरलात तरी चालेल, पण तपासणी आणि दुरुस्ती करायला दुसरा लागतोच. एकावरून दुसऱ्यावर जायला पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह असलेली कळ दाबा. ती दिसत नसेल तर स्पेसची लांब कळ थोडा वेळ दाबून धरा.

ज्ञ

देवनागरी कीबोर्डवर आधी ज दाबा. मग पाय मोडायची कळ दाबा. ती मात्रांच्या ओळीत किंवा तिच्या जवळपास असते आणि तिच्यावर अशी खूण असते: ् (काही ठिकाणी ती टिंबांच्या वर्तुळाखाली तिरकी रेघ अशी दिसते). शेवटी ञ दाबा.

```
ज  +  ्  +  ञ  =  ज्ञ
```

अडचण येते ती ञ सापडण्यात. हे अक्षर आपण एकटं कधी लिहीत नाही, त्यामुळे डोळ्याला त्याची सवय नसते. च छ ज झ ञ या ओळीतलं ते शेवटचं. कीबोर्ड वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला असेल तर झ च्या पुढे पाहा. तिथे नसेल तर ज, झ किंवा न वर बोट दाबून धरा, वर छोटी चौकट उघडेल, तिच्यात पाहा. काही कीबोर्डवर आख्खा ज्ञ सुद्धा अशा चौकटीत किंवा दुसऱ्या पानावर दिलेला असतो. तो दाबला तरी आत त्याच तीन खुणा जातात, त्यामुळे तो वापरायला काही हरकत नाही.

ञ सापडला नाही की लोक न वर भागवतात आणि ज्न तयार होतं. नीट पाहिलं तर त्यात ज चा अर्धा भाग आणि न वेगवेगळे ओळखू येतात. ज्ञ मध्ये ना ज दिसतो ना ञ, एक निराळाच आकार दिसतो. बारीक अक्षरात मात्र ही चूक सहज निसटते.

इंग्रजी अक्षरांनी लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. मराठीत आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदीत 'ग्य' करतात, आणि लिहिताना असतात ज आणि ञ. त्यामुळे `dnyaneshwar` लिहिलं की वरच्या पट्टीत ज्ञानेश्वर येतं, पण शेजारी द्न्यानेश्वर किंवा ग्यानेश्वर असेही पर्याय दिसू शकतात. घाईत स्पेस दाबली की पहिला पर्याय आपोआप लागतो. म्हणून पट्टी वाचा, हवा तोच शब्द बोटाने निवडा. एखादा चुकीचा शब्द सारखा वर येत असेल तर त्या पर्यायावर बोट दाबून धरा आणि तो ओढून कचऱ्याच्या डब्यावर सोडा.

श्र, आणि त्याचे दोन शेजारी

श्र साठी ञ सारखी शोधाशोध नाही. श, पाय मोडायची खूण, र. पण श्र च्या शेजारी दोन जोडण्या आहेत आणि त्या सारख्या घोळ घालतात.

पहिली जोडणी र्श. दर्शन, स्पर्श, आदर्श या शब्दांत र आधी उच्चारला जातो आणि श नंतर. कागदावर रफार श च्या डोक्यावर बसतो, म्हणून हात आधी श लिहून मग रफार शोधायला जातो. फोनवर तसं चालत नाही. जे आधी बोलाल ते आधी टाइप करायचं. दर्शन म्हणजे द, र, पाय मोडा, श, न. श्रम म्हणजे श, पाय मोडा, र, म. हाच नियम आपल्या रोजच्या गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांना लागतो. विदर्भ मध्ये र् आधी, भ नंतर. वर्धा मध्ये र् आधी, ध नंतर. चंद्रपूर मध्ये मात्र द आधी आणि र नंतर.

ऱ्हस्व वेलांटीचंही असंच. ती कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण फोनवर अक्षरानंतर द्यायची, आणि जोडाक्षर असेल तर आख्खं जोडाक्षर झाल्यावर द्यायची. आश्रित म्हणजे आ, श, पाय मोडा, र, मग वेलांटी, मग त. वेलांटी आधी दिली तर बहुतेक फोनवर टिंबांचं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ दिसलं की समजा, एखादी मात्रा आधाराशिवाय लटकली आहे, म्हणजे क्रम चुकला आहे.

दुसरा शेजारी शृ. मराठीत ऋ चा उच्चार आपण 'रु' असाच करतो, म्हणून शृ आणि श्रु कानाला सारखे लागतात. श्रुती मध्ये श, पाय मोडा, र, उकार, त, दीर्घ वेलांटी. शृंगार मध्ये पाय मोडायचाच नाही: श, मग ऋकाराची खूण (ृ), मग अनुस्वार. या दोन्हींची सरमिसळ होऊन 'श्रृंगार', 'श्रृंखला' असं लिहिलेलं लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतं. त्यात र दोनदा आला आहे, एकदा जोडाक्षरात आणि एकदा ऋकारात. ते अशुद्ध आहे आणि कीबोर्ड ते अडवत नाही. फोनला दिलेला क्रम चित्रात बसला की तो गप्प राहतो, शब्द बरोबर आहे का हे आपणच पाहायचं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काही फोनवर श हिंदी वळणाचा दिसतो, काहींवर मराठी वळणाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितला आहे, पण पडद्यावर कोणता श दिसेल हे फोनमधल्या फॉन्टवर ठरतं, तुमच्या टाइप करण्यावर नाही. वळण वेगळं दिसलं म्हणून शब्द खोडून पुन्हा लिहू नका.

तपासणी: खोडून पाहायचं

आता मुख्य काम. शब्द बरोबर दिसतोय, पण आत क्रम काय गेला हे कसं कळणार? यासाठी वेगळं ॲप लागत नाही, खोडायची कळ पुरते. देवनागरी कीबोर्डवर एकदा खोडलं की सहसा एकच खूण जाते, आख्खं अक्षर नाही. त्यामुळे जोडाक्षर आपल्यासमोर सुटं होत जातं.

अर्जातल्या मूळ शब्दावर हा प्रयोग करू नका. शब्द कॉपी करा आणि नोट्समध्ये किंवा स्वतःलाच पाठवायच्या व्हॉट्सॲप संदेशाच्या चौकटीत चिकटवा. कीबोर्ड देवनागरीवर आणा, कारण इंग्रजी अक्षरांच्या कीबोर्डवर खोडताना कधी आख्खा शब्दच पुन्हा इंग्रजीत जातो. आता कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवून एकेकदा खोडा आणि प्रत्येक वेळी थांबून पाहा.

श्री घ्या. पहिल्यांदा खोडलं की वेलांटी जाईल, श्र उरेल. दुसऱ्यांदा पाय मोडलेला श् उरेल. तिसऱ्यांदा साधा श. चौथ्यांदा काही नाही. चार वेळा, आणि वाटेत हेच टप्पे दिसले, तर श्री बरोबर आहे.

आता एक आख्खं उदाहरण घेऊ. समजा तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेसाठी अर्ज द्यायचा आहे आणि फोनवर ही ओळ लिहायची आहे: 'श्री. ज्ञानेश्वर यांचे श्रावणबाळ योजनेसाठी प्रतिज्ञापत्र'. यातले तीन शब्द घोळाचे आहेत.

ज्ञानेश्वर पाहायला चार अक्षरांचा, ज्ञा, ने, श्व, र. आत मात्र १० खुणा आहेत:

```
ज  ्  ञ  ा  न  े  श  ्  व  र
```

खोडत जा. शेवटचे चार टप्पे महत्त्वाचे: ज्ञा, ज्ञ, ज्, ज. ज्ञ खोडल्यावर पाय मोडलेला ज् दिसला तर शब्द बरोबर. मूळ शब्द द्न्यानेश्वर असा लिहिला गेला असेल तर १२ वेळा खोडावं लागेल आणि शेवटी द उरेल. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. ग्यानेश्वर आणि ज्नानेश्वर यांच्याही खुणा १० च होतात. ग्यानेश्वर मध्ये शेवटी ग उरतो, तो लगेच कळतो. ज्नानेश्वर मध्ये शेवटी ज च उरतो, म्हणून तिथे त्याच्या दोन टप्पे आधीच पाहायचं. मागचं सगळं खोडून शब्दाचं पहिलं अक्षर एकटं उरलं की ते ज्ञ आहे की ज्न, हे तिथे मोकळेपणी दिसतं.

श्रावणबाळ मध्ये ९ खुणा आहेत आणि सुरुवातीला श, पाय मोडा, र, काना. इंग्रजी अक्षरांनी `shravan` लिहिलं असेल तर श्रावण ऐवजी श्रवण लागलेलं असू शकतं. दोन्ही शब्द खरे, दोन्ही नावं म्हणूनही चालतात, त्यामुळे फोनला यात काही चूक वाटत नाही. इथे खोडून पाहायची गरज नाही, र नंतर काना आहे ना, एवढंच पाहा. बोलून टाइप करणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावं, कारण माइकलाही हे दोन शब्द जवळचे वाटतात.

प्रतिज्ञापत्र मध्ये तीन जोडाक्षरं आहेत, प्र, ज्ञ आणि त्र, आणि एकूण १३ खुणा:

```
प  ्  र  त  ि  ज  ्  ञ  ा  प  त  ्  र
```

यातली वेलांटी त ची आहे, ज्ञ ची नाही, तरी ती त च्या डावीकडे दिसते. मागून खोडत आलात की ज्ञ पूर्ण गेल्यावर 'प्रति' उरायला हवं. ते उरलं की वेलांटी जागेवर आहे.

खोडताना एखाद्या वेळी कळ दाबूनही पडद्यावर काहीच बदललं नाही, तर तिथे न दिसणारी खूण लपलेली आहे असं समजा. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात अशा खुणा येतात. त्यांचं काम अक्षरं जोडलेली किंवा सुटी ठेवण्याचं असतं. साध्या ज्ञ किंवा श्र ला त्यांची गरज नाही, म्हणून असा शब्द दुरुस्त करत न बसता पूर्ण खोडा आणि स्वतः टाइप करा. जोडाक्षराच्या मध्ये कर्सर नेऊन दुरुस्ती करण्यापेक्षा आख्खं अक्षर खोडून नव्याने लिहिणं नेहमीच सोपं जातं.

काही कीबोर्ड मात्र एका दाबात आख्खं जोडाक्षर खोडतात. तुमचा तसा असेल तर नावांसाठी दुसरा उपाय आहे. ते नाव फोनच्या संपर्क यादीत टाका आणि शोधायच्या चौकटीत फक्त ज लिहा. ज्ञानेश्वर बरोबर लिहिलं असेल तर ते ज खाली सापडेल. द लिहिल्यावर सापडलं तर ते द्न्यानेश्वर आहे. यादीतही श्र ची नावं श च्या गटात येतात. 

अक्षर तुटलेलं दिसलं तर

ज् आणि ञ शेजारी शेजारी सुटे दिसले, ज चा पाय मोडलेला स्पष्ट दिसतोय, तर कारण दोनपैकी एक. एक तर मध्ये जागा किंवा न दिसणारी खूण शिरली आहे, नाहीतर ते ॲप किंवा तो फॉन्ट जोडून दाखवत नाही. तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे नीट ज्ञ दिसला तर तुमचं टाइप बरोबर आहे, दोष दाखवणाऱ्या ॲपचा. तिथेही तुटलेलाच दिसला तर खोडून पुन्हा लिहा.

हा प्रकार पीडीएफमध्ये फार होतो. फोनवर बिल, पावती किंवा अर्ज बनवून देणारी काही ॲपं लिहिताना ज्ञ नीट दाखवतात आणि पीडीएफ केली की ज् ञ असं फोडून टाकतात. म्हणून प्रिंटच्या दुकानात फाइल पाठवण्याआधी तयार झालेली पीडीएफ उघडा, मोठी करा आणि जोडाक्षरं पाहा. तुटली असतील तर तोच मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवून तिथून पीडीएफ काढा.

ऑनलाइन अर्जांत आणखी एक सापळा असतो. इंग्रजीत नाव लिहिलं की शेजारच्या मराठी रकान्यात ते आपोआप भरलं जातं, आणि Dnyaneshwar चं द्न्यानेश्वर होऊन बसतं. आपलं लक्ष इंग्रजी रकान्यावर असतं, मराठी तसंच पुढे जातं आणि मग छापील दाखल्यावर दिसतं. त्या रकान्यात बोट ठेवा, सगळं खोडा, देवनागरी कीबोर्डने नाव लिहा आणि आधार कार्डावर किंवा शाळेच्या दाखल्यावर जसं आहे तसंच आहे ना, हे अक्षराला अक्षर लावून पाहा. काही संकेतस्थळांवर स्पेस दाबली की रकाना पुन्हा स्वतःच बदलतो, म्हणून सबमिट करण्याच्या अगदी आधी एकदा परत बघा.

जाता जाता लागणारी दोन अक्षरं

आपल्याकडे रोज लागणारा शब्द शेतकऱ्यांना. यातला र साधा नाही, त्याच्या खाली टिंब असलेला ऱ आहे. र वर बोट दाबून धरलं की बहुतेक ठिकाणी तो मिळतो. मग पाय मोडा, मग य. साधा र घेतला तर 'शेतकर्यांना' होतं, रफार य वर चढतो आणि उच्चारच बदलतो. दर्यापूरला मात्र साधाच र लागतो. म्हणून दर्यापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना पत्र लिहिताना एकाच ओळीत दोन्ही प्रकार येतात.

दुसरं ब्रह्मपुरी. त्यात ह आधी आणि म नंतर: ब, पाय मोडा, र, ह, पाय मोडा, म. बोलण्यात म आधी ऐकू येतो, म्हणून ब्रम्हपुरी लिहिलं जातं. 'आधी बोलाल ते आधी टाइप करा' हा वरचा नियम इथे फसतो, कारण ह्म चा उच्चार आपल्या तोंडी उलटा झाला आहे. असे शब्द पाठच करावे लागतात.

जी नावं पुन्हा पुन्हा लागतात ती एकदा तपासून कीबोर्डच्या `Dictionary` मध्ये `Personal dictionary` उघडून मराठीखाली टाकून ठेवा. शेजारी एखादा छोटा संकेतही देता येतो. तो लिहिला की पूर्ण शब्द पट्टीत येतो आणि दर वेळी ञ शोधावा लागत नाही.

आणि कुणी संगणकावरचा जुना मजकूर पाठवला, त्यात श्री च्या जागी `Jh` आणि ज्ञान च्या जागी `Kku` दिसलं, तर फोन बिघडलेला नाही. तो मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला आहे. त्यात इंग्रजी अक्षरांवरच मराठी आकार बसवलेले असतात: J वर श्र, K वर ज्ञ. फोनमध्ये तो फॉन्ट नसल्यामुळे खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पाठवणाऱ्याला तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून पाठवायला सांगा. ते जमत नसेल तर त्या पानाची पीडीएफ मागवा आणि फोनवर नव्याने टाइप करा.